छोटं काम आधी, मग मोठ्याचं काय?

कराडला लागून, पुणे-बेंगळुरू महामार्गावर मलकापूर आहे. तिथे एका लेथवर एकाच सकाळी चार जॉब आले, असं समजा. ट्रॉलीच्या अॅक्सलला 6 तास लागणार आणि तो 7 तासांत द्यायचा आहे. बुशला 1 तास, वायदा 5 तासांचा. पुलीला 3 तास, वायदा 12 चा. पिनेला 2 तास, वायदा 11 चा. क्रम कोणताही लावा, लेथ 12 तासच चालणार. तरीही क्रम बदलला की गिऱ्हाइकांचा दिवस बदलतो.

आले त्या क्रमाने घेतलं, तर कामं 6, 7, 10 आणि 12 व्या तासाला उरकतात. सरासरी पावणेनऊ तास. बुशला 2 तास उशीर, पिनेला 1.

आता सगळ्यात छोटं काम आधी घ्या: बुश, पिन, पुली, अॅक्सल. कामं 1, 3, 6 आणि 12 व्या तासाला संपतात, सरासरी साडेपाच! कारण साधं आहे. पहिल्या कामाचा प्रत्येक तास चौघांच्याही वाट्याला येतो, शेवटच्या कामाचा फक्त त्याच्या मालकाच्या. म्हणून जास्त जणांना थांबवणारी जागा छोट्या कामाला द्यायची.

मला थक्क करते ती पुढची गोष्ट. हा नियम वायद्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तरीही, लवकर झालेलं काम वजा धरलं, तर सरासरी विलंब याहून कमी करणारा क्रम नाही. वायदे ठरलेले असतात, त्यामुळे सरासरी विलंब पूर्णपणे काम संपण्याच्या सरासरी वेळेवर ठरतो. डब्ल्यू. ई. स्मिथ यांच्या 1956 च्या लेखात या नियमाची सिद्धता आहे.

पण अॅक्सलवाल्याला सरासरीचं काय? त्याला 5 तास उशीर झाला. त्याच्यासाठी दुसरा नियम आहे: ज्याचा वायदा जवळचा, त्याचं काम आधी. बुश, अॅक्सल, पिन, पुली हा क्रम लावला, तर चारही जॉब वेळेत. एका यंत्रावर सर्वांत मोठा उशीर यानेच कमीत कमी राहतो, जे. आर. जॅक्सन यांनी ते 1955 मध्ये दाखवलं.

मग हाच नियम पाळावा ना? घाईत प्रत्येक वायदा 3 तास अलीकडचा देऊन बसलात, तर पाहा. वायद्याच्या क्रमाने तीन जॉब उशिरा होतात, सर्वाधिक उशीर 3 तासांचा. छोटं काम आधी घेतलं, तर उशिरा एकच, पण तो तब्बल 8 तास! तुंबलेल्या दुकानात थोडा-थोडा उशीर सगळ्यांना वाटायचा, की एकालाच बळी द्यायचं, हे गणित ठरवत नाही.

एक लेथ सोडून जॉब पुढे मिलिंगला, मग ड्रिलिंगला जाऊ लागले, की या हमीही उरत नाहीत. शिवाय नवी छोटी कामं रोज येत राहिली, तर अॅक्सल कोपऱ्यातच पडून राहतो. म्हणून छोट्यांना प्राधान्य देतानाही मुदत घालावी लागते: ठरावीक तास थांबलेला जॉब, कितीही मोठा असो, पुढच्या खेपेला लेथवर चढलाच पाहिजे.