कॅप्टन कोणत्या दलाचा?

९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपलं जहाज सोडून गेले नाहीत. १९९९मध्ये कारगिलमध्ये कॅप्टन विक्रम बत्रांनी प्राण दिले. दोघांच्या नावाआधी एकच हुद्दा आहे. पण बत्रा चोवीस वर्षांचे होते, त्यांना लष्करात दाखल होऊन दोन वर्षंही झाली नव्हती; मुल्ला पंचेचाळीस वर्षांचे होते. लष्करात मुल्लांच्या बरोबरीचा अधिकारी म्हणजे कर्नल.

आपल्या दलांचे हुद्दे ब्रिटिशांकडून आले. त्यांच्या सैन्यात कॅप्टन एका कंपनीचा प्रमुख असे आणि त्याच्या डोक्यावर बटालियनचे वरिष्ठ असत. समुद्रावर अशा पायऱ्या नव्हत्या. शेकडो खलाशी आणि डझनावारी तोफा घेऊन निघालेल्या युद्धनौकेला किनाऱ्याचा आदेश महिनोन्‌महिने मिळत नसे. लढाई, वाट, शिक्षा, सगळं एकाच माणसावर असे. त्या कॅप्टनचा मान म्हणूनच मोठा झाला. त्याच्या हाताखाली लेफ्टनंट. ज्या लहान नौकांना पूर्ण कॅप्टन देण्याची गरज नव्हती, त्यांच्या प्रमुखांमधून पुढे कमांडर हा हुद्दा आला. त्यामुळे नौदलाचा लेफ्टनंट लष्करी कॅप्टनच्या तोडीचा ठरतो, लेफ्टनंट कमांडर मेजरच्या आणि कमांडर लेफ्टनंट कर्नलच्या. शिवाय जहाजावर एक रिवाज आजही टिकून आहे: नौकेचा प्रमुख हुद्द्याने लेफ्टनंट कमांडर असला, तरी त्या नौकेचा ‘कॅप्टन’ तोच.

हवाई दलाचं कोडं वेगळं आहे. ब्रिटिश लष्कर आणि नौदल यांच्या विमान शाखा एकत्र करून १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्स उभं राहिलं. सुरुवातीला त्यात लष्करी हुद्देच चालले. पण नवं दल कोणाचीही शाखा नाही हे दिसायला हवं होतं, म्हणून १९१९मध्ये स्वतंत्र नावं ठरली. फ्लाइट लेफ्टनंट आणि विंग कमांडर ही नावं नौदलाच्या विमान शाखेत आधीपासून होती. १९३२मध्ये स्थापन झालेल्या आपल्या हवाई दलाने हीच साखळी उचलली. ग्रुप कॅप्टन म्हणजे कर्नलच्या आणि नौदलाच्या कॅप्टनच्या बरोबरीचा.

ही नावं मात्र शब्दशः घेऊ नयेत. स्क्वॉड्रन लीडर मेजरच्या बरोबरीचा असतो, पण आज लढाऊ विमानांची स्क्वॉड्रन सहसा त्याच्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याकडे असते. नाव जुनं राहिलं, जबाबदारी वर सरकली.

बातमीत नुसतं ‘कॅप्टन’ लिहिणं मला म्हणूनच अपुरं वाटतं. दलाचं नाव सोबत हवंच. छायाचित्र असेल तर खांद्याकडे पाहा. लष्करी कॅप्टनच्या खांद्यावर तीन तारे असतात, नौदलाच्या कॅप्टनच्या खांद्यावर चार सोनेरी पट्टे.