निर्यात बीजकावरील विनिमय दर फरक

परकीय चलनात केलेल्या निर्यातीचे बीजक ज्या दिवशी नोंदवले जाते आणि त्याची रक्कम ज्या दिवशी मिळते, त्या दोन दिवसांच्या विनिमय दरांत अंतर पडल्यामुळे निर्यातदारास होणाऱ्या लाभास किंवा तोट्यास विनिमय दर फरक असे म्हणतात. बीजकातील परकीय चलनाची रक्कम बदलत नाही, तिचे रुपयांतील मूल्य मात्र बदलते. बीजक रुपयांतच केलेले असल्यास हा फरक निर्यातदाराच्या वाट्याला येत नाही. दरबदलाचा भार परदेशी ग्राहकावर पडतो.

नोंदीची पद्धत

भारतात या व्यवहारांची नोंद लेखा मानक ११ नुसार होते. ज्या कंपन्यांना भारतीय लेखा मानके (इंड-एएस) लागू आहेत, त्या मानक २१ पाळतात. या नोंदीत तीन तारखांना महत्त्व असते. विक्रीच्या तारखेस त्या दिवसाच्या दराने विक्री व ग्राहकाकडील येणे नोंदवले जाते. मधल्या काळात आर्थिक वर्ष संपल्यास, ३१ मार्चच्या दराने येणे रकमेचे पुन्हा मूल्यांकन होते. शेवटी, रक्कम मिळालेल्या दिवशी प्रत्यक्ष मिळालेल्या रुपयांशी येण्याचा मेळ घातला जातो. प्रत्येक टप्प्यावर पडलेला फरक त्या त्या वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात स्वतंत्रपणे दाखवला जातो. विक्रीचा मूळ आकडा मात्र पुन्हा बदलला जात नाही. मालाचा सौदा विक्रीच्या दिवशी पूर्ण झालेला असतो. त्यानंतरचा फरक हा माल विकल्याचा नव्हे, तर डॉलरमधील येणे काही काळ बाळगल्याचा परिणाम असतो.

उदाहरण

सोलापुरातील एका टॉवेल उत्पादकाने अमेरिकेतील ग्राहकास १० फेब्रुवारी रोजी २०,००० डॉलरचा माल ९० दिवसांच्या उधारीवर विकला, असे समजू. (पुढील दर केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.) त्या दिवशी एका डॉलरचा दर ८४ रुपये असल्याने विक्री १६,८०,००० रुपये नोंदवली गेली. ३१ मार्च रोजी दर ८५.५० रुपये झाला. येणे रक्कम १७,१०,००० रुपये झाली आणि ३०,००० रुपयांचा लाभ त्या वर्षात धरला गेला. हा लाभ अद्याप हाती आलेला नसला, तरी ताळेबंदातील येणे त्या दिवसाच्या खऱ्या किमतीने दिसावे म्हणून तो नोंदवावा लागतो.

११ मे रोजी बँकेने ८५ रुपये दर दिला. २०,००० डॉलरचे १७,००,००० रुपये झाले. ३१ मार्चच्या मूल्याशी तुलना करता नव्या वर्षात १०,००० रुपयांचा तोटा दिसतो. दोन्ही वर्षे एकत्र घेतल्यास निव्वळ लाभ २०,००० रुपये येतो. डॉलरची रक्कम आणि पहिल्या व अखेरच्या दरांतील अंतर यांचा गुणाकार (२०,००० × १ रुपया) तेवढाच असल्याने नोंदी बरोबर असल्याची खात्री पटते.

बँक शुल्काशी होणारी गल्लत

परदेशातून पैसे येताना मधल्या बँका अनेकदा आपले शुल्क कापून घेतात. वरील व्यवहारात ५० डॉलर कापले गेले, तर खात्यात १९,९५० डॉलरचे १६,९५,७५० रुपये जमा होतील. येण्यापेक्षा कमी पडलेले १४,२५० रुपये सरसकट विनिमय तोटा म्हणून नोंदवणे चुकीचे ठरते. त्यातील ४,२५० रुपये हे बँक शुल्क आहे. विनिमय तोटा १०,००० रुपयेच आहे. ही विभागणी रुपयांच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी बँकेच्या सूचनापत्रात किती डॉलर आले आणि त्यांना कोणता दर लावला, हे पाहावे लागते.

बँक निर्यातदाराकडून डॉलर घेते तो खरेदी दर बाजारातील मध्य दरापेक्षा थोडा कमी असतो. बीजक मध्य दराने नोंदवले असेल, तर बाजारात दर न हलताही वसुलीच्या दिवशी लहानसा तोटा दिसू शकतो.

कराच्या नोंदींशी संबंध

वस्तूंच्या निर्यातीसाठी वस्तू व सेवा कराच्या नियम ३४ नुसार सीमाशुल्क विभागाने अधिसूचित केलेला दर लागू होतो. हिशेबवहीत वेगळा दर वापरला असल्यास विवरणपत्रातील निर्यातमूल्य आणि वहीतील विक्री यांत तफावत दिसते. ही तफावत दोन दरांमुळे निर्माण होते. तिला वसुलीवरील विनिमय लाभ किंवा तोटा मानता येत नाही.

जोखमीवरील उपाय

निर्यातदार बँकेशी वायदा करार करून भविष्यातील तारखेचा दर आधीच ठरवून घेऊ शकतो. त्यामुळे रुपया वधारल्यास होणारा तोटा टळतो, परंतु रुपया घसरल्यास मिळू शकणारा लाभही सोडावा लागतो. ग्राहकाने ठरल्या दिवशी पैसे दिले नाहीत, तरी बँकेशी केलेला करार कायम राहतो; तो पुढे ढकलण्याचा किंवा रद्द करण्याचा खर्च निर्यातदारालाच सोसावा लागतो.