उन्हाळी क्रिकेट शिबिर: फॉर्मवर सही करण्याआधी

गट वयाने पाडलेले असतात, पण ते खरे आहेत का हे चेंडूवरून कळतं. पुरुषांचा सीझन बॉल 155.9 ते 163 ग्रॅमचा असतो. 13 वर्षांखालच्यांसाठी नियमांतच 133 ते 144 ग्रॅमचा, आकारानेही लहान चेंडू दिलेला आहे. सात-आठ वर्षांच्यांना टेनिस बॉलच बरा. दहा वर्षांच्या मुलाच्या नेटमध्ये मोठा चेंडू पडत असेल, तर गट कागदावरच आहेत असं समजा.

‘माजी रणजीपटू’ हे बॅनरवर ठळक असतं. खेळणं वेगळं, शिकवणं वेगळं; म्हणून बीसीसीआयची लेव्हल-वन प्रशिक्षक परीक्षा दिली आहे का, हे विचारा. आणि तेच सर रोज मैदानात असणार, की फक्त उद्घाटनाला?

‘इजा झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत’ एवढ्याच ओळीवर पालकांची सही घेणारं संमतिपत्र अपुरं. त्यात दमा, अ‍ॅलर्जी, चालू औषधं, हमखास उचलले जातील असे दोन फोन नंबर आणि मुलाला न्यायला कोण येणार, हे सगळं हवं. फोटो वापरण्यासाठीची सही वेगळी असावी, आणि ती नाकारली म्हणून प्रवेश अडता कामा नये.