गुणांचे जाळे आणि त्यातली फसगत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परतूरसारख्या तालुक्याच्या गावी पालकसभेला आष्टी, वाटूर अशा गावांतून मंडळी येतात. अनेकांचा त्या दिवसाचा कामाचा खाडा झालेला असतो. त्यांच्या हातात शाळा जी गुणपत्रिका देते, तिच्यात सहा विषय आणि सहा आकडे असतात. पालकांचा प्रश्न मात्र एकच असतो, ‘गुरुजी, पोरगी नेमकी कशात कमी पडते?’ अकरावीला विज्ञान घ्यायचे की कला, शिकवणीचे पैसे कोणत्या विषयावर खर्चायचे, हे सगळे त्या उत्तरावर ठरते. गणित शिकवता शिकवता या प्रश्नासाठी मी एक आकृती वापरू लागलो. संगणकाच्या भाषेत तिला रडार चार्ट म्हणतात. दिसते ती कोळ्याच्या जाळ्यासारखी, म्हणून आपण तिला जाळी म्हणू. ही आकृती संगणकाच्या बरीच आधीची आहे. जर्मन संख्याशास्त्रज्ञ गेओर्ग फॉन मायर यांनी १८७७ साली अशा आकृत्या छापल्या होत्या. आज ही जाळी कशी काढायची आणि ती कधी फसवते, हे दोन्ही सांगतो.

कागद, कंपास आणि पट्टी एवढे साहित्य पुरते. १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. कंपासचे अंतर न बदलता परिघावर एकापुढे एक खुणा करत गेलात की बरोबर सहा खुणा होतात. प्रत्येक खूण केंद्राला जोडा. बैलगाडीच्या चाकासारखे सहा आरे तयार होतील. प्रत्येक आरा म्हणजे एक विषय. केंद्र म्हणजे शून्य, परीघ म्हणजे १००, आणि एक मिलिमीटर म्हणजे एक गुण. आता प्रत्येक आऱ्यावर गुणांइतक्या अंतरावर ठिपका द्या आणि शेजारचे ठिपके रेषेने जोडा. झाली जाळी.

उदाहरणासाठी एक गुणपत्रिका घेऊ. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पण असे गुण पाहण्यात नेहमी येतात. मराठी ८६, हिंदी ८४, इंग्रजी ४२, गणित ३८, विज्ञान ४४ आणि सामाजिक शास्त्रे ८२. एकूण ६०० पैकी ३७६. दहावीच्या निकालात टक्केवारी काढताना सहापैकी सर्वांत चांगले पाच विषय धरतात. म्हणजे इथे गणिताचे ३८ गळतात आणि ५०० पैकी ३३८, म्हणजे ६७.६० टक्के हाती येतात. टक्केवारीतून गणित गायब झाले, जाळीत मात्र ते दिसते. मराठी, हिंदी आणि सामाजिक शास्त्रे यांच्या बाजूला आकृती फुगलेली, तर इंग्रजी, गणित आणि विज्ञानाच्या बाजूला आत ओढलेली. ज्या पालकांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांनाही हा खड्डा क्षणात कळतो. जाळीचा हा खरा गुण आहे.

आता तिची पहिली खोडी पाहू. विषय आपण गुणपत्रिकेतल्या क्रमाने लावले होते: मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे. त्यामुळे तीन चांगले विषय एकमेकांशेजारी आले आणि तीन कच्चे विषयही शेजारी आले. हाच क्रम बदलून मराठी, इंग्रजी, हिंदी, गणित, सामाजिक शास्त्रे, विज्ञान असा लावा. गुण तेच, एकूण ३७६ च. पण आता एका बाजूला फुगलेली आकृती जाऊन तीन टोकांची चांदणी तयार होते. नुसता आकारच बदलत नाही, क्षेत्रफळही बदलते. शेजारच्या दोन आऱ्यांवरील लांबींचा गुणाकार करून त्याला ०.४३३ ने गुणले की त्या दोन आऱ्यांमधल्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ मिळते. असे सहा त्रिकोण मिळवले तर पहिली जाळी सुमारे १०७ चौरस सेंटिमीटर भरते आणि दुसरी फक्त ९०. मुलगी तीच, गुण तेच, पण आकृती जवळजवळ सहाव्या हिश्शाने लहान झाली.

याचे कारण सोपे आहे. दोन ठिपके जोडणाऱ्या रेषेला काहीच अर्थ नसतो. हिंदी आणि इंग्रजीच्या मधोमध कुठलाही विषय राहत नाही. रेषा केवळ डोळ्याच्या सोयीसाठी असते आणि डोळा मात्र तिने वेढलेली जागा मोजत बसतो. म्हणून दोन मुलांच्या किंवा एकाच मुलाच्या दोन परीक्षांच्या जाळ्या शेजारी ठेवायच्या असतील, तर विषयांचा क्रम दोन्हीकडे एकच हवा. आकृती आतून रंगवूही नका, नुसती रेघ ठेवा. रंग भरला की लक्ष ठिपक्यांवरून उठून जागेवर जाते.

दुसरी खोडी शेतकऱ्याला लगेच कळेल. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा. बाजू दुप्पट करून ६६ फूट केली तर जमीन दोन गुंठे होत नाही, चार गुंठे होते. जाळीचेही तसेच आहे. एका मुलाला सगळ्या विषयांत ४० आणि दुसऱ्याला सगळ्यांत ८० गुण आहेत, तर दुसऱ्याचे गुण दुप्पट, पण जाळी चौपट. दोन भावंडांच्या जाळ्या एकाच कागदावर काढल्या की कमी गुणांचे पोर उगाचच फार बापुडवाणे दिसते. त्यामुळे जाळीवरून दोन मुलांची तुलना टाळावी. एका मुलाचे विषय पाहण्यापुरतीच ती वापरावी.

संगणकावर जाळी काढणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. एक्सेलमध्ये हा प्रकार Radar या नावाने आणि लिब्रेऑफिसमध्ये Net या नावाने मिळतो. सगळे गुण जवळजवळचे, समजा ८० ते ९० च्या दरम्यान असतील, तर संगणक कधी कधी केंद्रावर शून्याऐवजी ७४-७५ असा आकडा स्वतःच घेतो. मग ८० चा ठिपका केंद्राला जवळजवळ चिकटतो आणि हुशार मूल नापास झाल्यासारखे दिसते. अक्षाच्या मांडणीत Minimum ला ० आणि Maximum ला १०० हे आकडे आपल्या हाताने भरावेत.

तिसरी खोडी सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्यामुळे निर्णय चुकतात. आपल्या आकृतीत सर्वांत खोल खड्डा गणिताचा आहे. पालक म्हणणार, ‘गणिताची शिकवणी लावू.’ पण हिंदीचे ८४ आणि गणिताचे ३८ हे एका मापाचे गुण आहेत का? काही विषयांत वर्गातल्या बहुतेकांना सढळ गुण पडतात, काहींत सगळेच अडखळतात. प्रत्येक विषयाच्या शंभर गुणांपैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेने दिलेले असतात. ते बहुतेक सर्वांना भरघोस मिळतात आणि ठिपका बाहेर ढकलतात. आरे सारख्या लांबीचे काढले म्हणून विषय सारखे होत नाहीत.

यावर उपाय असा की त्याच जाळीवर वर्गाचीही एक तुटक रेघ काढावी. त्यासाठी सरासरीपेक्षा मध्यक बरा. वर्गात ४१ मुले असतील तर गुण चढत्या क्रमाने लावून २१ व्या मुलाचे गुण घ्यायचे. एक-दोघांचे फार जास्त किंवा फार कमी गुण त्याला हलवत नाहीत. समजा आपल्या उदाहरणात वर्गाचे मध्यक असे आहेत: मराठी ७८, हिंदी ८०, इंग्रजी ४५, गणित ४०, विज्ञान ५२, सामाजिक शास्त्रे ७०. आता आकृती वेगळेच बोलते. इंग्रजीत मुलगी वर्गाच्या मध्यापेक्षा तीन गुणांनी मागे आहे, गणितात फक्त दोन गुणांनी. विज्ञानात मात्र आठ गुणांनी मागे आहे. गणिताचा खड्डा साऱ्या वर्गाचा आहे. त्याचा जाब तिला नव्हे, आम्हा शिक्षकांना विचारायला हवा. तिचा स्वतःचा खड्डा विज्ञानाचा आहे.

तरी एक भान ठेवावे. उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे ३५ गुण वर्गाकडे पाहत नाहीत. ३८ म्हणजे काठावर तीनच गुण, मग वर्ग ४० वर असो की ६० वर. ‘पास होईल का’ आणि ‘इतरांच्या तुलनेत कुठे मागे आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यासाठी जाळीत ३५ गुणांचे एक लहान वर्तुळ काढावे, दुसऱ्यासाठी वर्गाची तुटक रेघ.

शेवटची गोष्ट, एका आऱ्याच्या पोटात काय काय दडलेले असते त्याची. दहावीला विज्ञानाच्या ४०-४० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, भिंगे, रासायनिक अभिक्रिया असे धडे, तर दुसऱ्या भागात आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, पर्यावरण असे. आपल्या मुलीचे ४४ गुण समजा असे फुटतात: अंतर्गत १७, दुसरा भाग १८ आणि पहिला भाग फक्त ९. म्हणजे विज्ञान हा विषय तिला जड जात नाही, जड जातो तो पहिला भाग. आता तिची पहिल्या भागाची उत्तरपत्रिका काढून बघावी. सूत्र पाठ असूनही उदाहरण सुटत नसेल, तर अडचण आकडेमोडीत आहे. सूत्रच आठवत नसेल, तर ती पाठांतराची किंवा समजण्याची आहे. दोन्हींवर इलाज वेगळा, आणि तो जाळी सांगू शकत नाही.

म्हणून माझा रिवाज असा आहे. आधी जाळी दाखवायची, खड्डा कुठे दिसतो ते पालकांनाच विचारायचे. मग त्याच कागदाच्या मागे सहा आडव्या पट्ट्या काढायच्या, सर्वांत मोठी वर, सर्वांत लहान खाली, आणि प्रत्येक पट्टीवर वर्गाच्या मध्यकाची उभी खूण. पट्टीत क्षेत्रफळाची फसगत नाही, क्रम बदलला तरी लांबी बदलत नाही. दोन्ही बाजूंनी एकच उत्तर आले तर त्यावर विश्वास ठेवावा. वेगळे आले तर पट्ट्यांचे ऐकावे, आणि शिकवणीचा निर्णय उत्तरपत्रिका पाहिल्यावरच घ्यावा.