आठ जीबीत बसणारं पोस्टर

सोलापुरी शेंगा चटणी विकणाऱ्या एका गृहउद्योगाला दिवाळीसाठी पोस्टर हवं आहे, असं धरू. बरणीचा मोबाइलवर काढलेला स्वच्छ फोटो हाताशी आहे. पण तिच्यामागे दाखवायला लाकडी टेबल, दगडी खल, खिडकीतून येणारं ऊन यातलं काहीच नाही आणि स्टुडिओचा खर्च परवडणारा नाही. अशा वेळी चित्र तयार करणारं मॉडेल घरच्या संगणकावर चालवता येतं. फाइल एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही, चित्रामागे पैसे मोजावे लागत नाहीत आणि बाजारात न आलेल्या मालाचा फोटो परक्या सर्व्हरवर जात नाही.

या कामासाठी स्टेबल डिफ्यूजन एक्सएल हे मॉडेल अजूनही चांगलं आहे. जुलै २०२३मध्ये ते खुलं झालं आणि त्याचा परवाना काही अटींसह व्यावसायिक वापराला मुभा देतो. त्याची फाइल सुमारे ७ जीबीची. ती चालवण्यासाठी `ComfyUI` हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. संगणकात मात्र स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवं. आपण ८ जीबी मेमरीचं एनव्हीडियाचं कार्ड गृहीत धरू, कारण मध्यम किमतीच्या संगणकांत तेच बहुधा आढळतं.

मॉडेलची सुरुवात कोऱ्या कागदापासून होत नाही. आधी नुसता गोंगाट असतो, म्हणजे कसेही विखुरलेले आकडे. त्यातला कोणता भाग नको असलेला आहे, याचा अंदाज मॉडेल बांधतं आणि तो थोडा काढून टाकतं. मग उरलेल्यावर पुन्हा तेच. हे सगळं पूर्ण आकाराच्या चित्रावर घडत नाही. १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलचं चित्र आतमध्ये १२८ गुणिले १२८ चौकटींचं असतं. आठ बाय आठ पिक्सेलच्या तुकड्याला एक चौकट आणि चौकटीत अवघे चार आकडे. शेवटी एक वेगळा भाग त्याचं मोठं चित्र उलगडतो. प्रोग्रॅममध्ये त्याला `VAE` म्हणतात.

हे आकुंचन आहे म्हणूनच काम घरच्या कार्डावर होतं. पण लेबलावरची बारीक अक्षरं बिघडतात तीही यामुळेच. घटक, वजन, किंमत असा मजकूर एवढ्या थोड्या आकड्यांत टिकत नाही. देवनागरी तर हे मॉडेल लिहूच शकत नाही. ते जोडाक्षरांसारखे दिसणारे निरर्थक आकार काढतं. बरणीभोवती मास्क लावून ‘फक्त पार्श्वभूमी बदल’ असं सांगितलं, तरी सगळं चित्र एकदा त्या आकुंचनातून जातं आणि लेबल किंचित विरघळतं. म्हणून पक्का नियम असा, की बरणी खऱ्या फोटोतली घ्यायची आणि मॉडेलकडून रिकामं टेबल मागायचं. ग्राहकाच्या हाती जे पडणार तेच पोस्टरवर दिसायला हवं, हेही त्यामागचं तितकंच महत्त्वाचं कारण आहे.

मागणी इंग्रजीतच लिहावी लागते, कारण मॉडेलचा शब्द समजणारा भाग मुख्यतः इंग्रजीवर शिकलेला आहे.

```
empty wooden table in foreground, blurred Indian kitchen behind,
stone mortar, peanuts and dried red chillies at the edges,
soft window light from left, eye level
```

शेवटची ओळ मुद्दाम घातली आहे. बरणीच्या फोटोत उजेड डावीकडून पडत असेल आणि कॅमेरा बरणीच्या उंचीवर असेल, तर पार्श्वभूमीही तशीच हवी. नाहीतर बरणी चिकटवलेली दिसते.

आता पायऱ्या, म्हणजे `steps`. गोंगाट किती टप्प्यांत काढायचा, ते हा आकडा ठरवतो. `seed` कायम ठेवून फक्त हा आकडा बदलला की फरक नेमका दिसतो. आठ पायऱ्यांत टेबल धूसर राहतं, शेंगदाणे एकमेकांत मिसळलेले दिसतात. वीसला वस्तू सुट्या होतात. पंचवीस-तीसच्या पुढे `dpmpp_2m` या पद्धतीत सहसा डोळ्यांना जाणवेल असा बदल होत नाही. वेळ मात्र त्याच प्रमाणात वाढत जातो. म्हणून रचना शोधताना पंधरा आणि निवडलेल्या चित्राला तीस, असं ठेवावं. `euler_ancestral`सारख्या पद्धती दर पायरीला नवा गोंगाट मिसळतात. तिथे पायऱ्या वाढवल्या की चित्र सुधारण्याऐवजी वेगळंच होऊ शकतं.

`cfg`, म्हणजे मार्गदर्शनाची तीव्रता, हा अधिक फसवा आकडा. प्रत्येक पायरीवर मॉडेल दोन अंदाज करतं: एक मागणी वाचून, दुसरा मागणीविना. दोन्हींतला फरक या आकड्याने गुणून चित्र मागणीकडे ढकललं जातं. एकला फरक वाढवलाच जात नाही. चित्र सैल येतं आणि ‘हे नको’ म्हणून लिहिलेल्या शब्दांचा काही उपयोग होत नाही. पाच ते सातमध्ये टेबल, खल, मिरच्या जागच्या जागी येतात. बारा-पंधराला मिरच्यांचा लाल रंग भडकतो, सावल्या काळ्याकुट्ट होतात, लाकडाच्या रेषा कोरल्यासारख्या दिसतात. मागणी पाळली जात नाही म्हणून अनेक जण हा आकडा चढवत नेतात. अशा वेळी वाक्य सुधारावं किंवा `seed` बदलावा.

मेमरीचा हिशेब साधा आहे. चित्र घडवणाऱ्या मुख्य भागात सुमारे २६० कोटी आकडे आहेत. प्रत्येकी दोन बाइट धरले की ५.२ जीबी झाले. शब्द समजणाऱ्या भागांचे आणखी सुमारे दीड जीबी. म्हणजे काम सुरू होण्याआधीच ८ जीबीतले जवळजवळ ७ भरतात आणि पडद्यासाठी विंडोज थोडी मेमरी घेतंच. प्रोग्रॅम शब्दांचं काम संपल्यावर तो भाग कार्डावरून साध्या रॅममध्ये हलवतो, म्हणून निभावतं.

मेमरी संपली की पुष्कळ जण आधी पायऱ्या कमी करतात. त्याने काहीच सुटत नाही. पायऱ्या एकामागून एक होतात आणि तीच जागा पुन्हा वापरतात. जागा खातो तो चित्राचा आकार आणि एका वेळी मागितलेल्या चित्रांची संख्या. तेव्हा एकावेळी एकच चित्र मागावं.

सगळ्या पायऱ्या पार पडून अगदी शेवटी काम अडलं, तर अडचण उलगडणाऱ्या भागात असते, कारण पूर्ण आकाराचे पिक्सेल तिथेच तयार होतात. `VAE Decode (Tiled)` निवडलं की तेच काम तुकड्यातुकड्यांत होतं. कधी चूक दाखवलीच जात नाही, फक्त वेग कोसळतो आणि काही सेकंदांची पायरी मिनिटावर जाते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये `Shared GPU memory` वाढताना दिसली, तर काम कार्डाबाहेर सांडून संथ रॅममध्ये गेलं आहे, असं समजावं. ब्राउझरसह इतर प्रोग्रॅम बंद करावेत किंवा आकार कमी करावा.

आकाराला आणखी एक मर्यादा आहे आणि ती कार्डाची नाही. हे मॉडेल साधारण १०२४ गुणिले १०२४ एवढ्या क्षेत्रफळावर शिकलं आहे. थेट दुप्पट लांबी-रुंदी मागितली तर टेबलावर दुसरं टेबल, दोन खिडक्या, दोन खल असं दुहेरी चित्र येतं. म्हणून उभ्या पोस्टरसाठी ८३२ गुणिले १२१६ मागावं, ए-थ्री कागदाच्या प्रमाणासाठी उंची ११७७ पिक्सेलवर कापावी आणि वेगळ्या अपस्केलरने चौपट करावी. छपाईत इंचाला सुमारे २८५ ठिपके मिळतात. पार्श्वभूमी तशीही धूसर असल्याने ते पुरेसे आहेत.

उरलेलं काम मॉडेलचं नाही. गिंपमध्ये मूळ फोटोतली बरणी कापून वरच्या थरावर ठेवायची, तळाशी उजव्या बाजूला मऊ सावली रंगवायची, मग इंकस्केपमध्ये युनिकोड फॉन्टने नाव आणि किंमत टाइप करायची. छापखान्यात पाठवण्याआधी अक्षरांचं पाथमध्ये रूपांतर करून ठेवलं, की तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं तुटत नाहीत.