हरवलेले 796 ज्यूल

बंदुकीच्या गोळीचा वेग मोजायचा कसा, या प्रश्नाने अठराव्या शतकातल्या तोफखान्याला बराच काळ सतावलं. सेकंदाचे बारीक तुकडे दाखवणारं घड्याळ तेव्हा कोणाकडेच नव्हतं. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने 1742 साली ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ या पुस्तकात यावर तोडगा दिला. गोळीमागे धावण्यापेक्षा तिलाच कशाततरी रुतू द्यावं, असा त्याचा विचार होता. त्याने एक जड लोलक टांगला, त्याला जाड लाकडी फळी लावली आणि त्या फळीवर गोळी झाडली. गोळी लाकडात अडकली की लोलक मागे झुले आणि त्याला खाली जोडलेली फीत ओढली जाई. फीत किती सरकली यावरून झोका किती मोठा होता हे कळे. लोलक सुमारे 56 पौंडांचा आणि गोळी पौंडाच्या बाराव्या भागाएवढी. त्यावरून त्याने जो वेग काढला, तो सेकंदाला दीड हजार फुटांहून जास्त भरला. (हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांच्या कामासाठी भारतात आला आणि 1751 साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.)

हे गणित सोप्या आकड्यांनी करून पाहू. गोळी 10 ग्रॅमची, लाकडी ठोकळा 1990 ग्रॅमचा. म्हणजे गोळी रुतल्यावर दोघांचं मिळून वजन बरोबर दोन किलो, गोळीच्या दोनशे पट. गोळीचा वेग सेकंदाला 400 मीटर धरू. धडकेआधी सगळा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, एकट्या गोळीकडे होता. धडकेनंतरही एकूण संवेग तेवढाच राहतो, फक्त आता तो दोनशे पट वजनात वाटला जातो. म्हणून वेग दोनशेपट कमी होतो आणि ठोकळा सेकंदाला 2 मीटरने निघतो. एवढ्या वेगात तो झोक्यावर सुमारे 20 सेंटिमीटर वर चढतो. ही उंची पट्टीने मोजता येते, आणि तिच्यावरून उलटं येत गोळीचे 400 मीटर काढता येतात.

आता गतिज ऊर्जेचा हिशेब. गोळीकडे 800 ज्यूल होते. ठोकळा आणि गोळी मिळून चालू लागले तेव्हा त्यांच्याकडे राहिले फक्त 4. उरलेले 796 ज्यूल लाकडाचे तंतू फाडण्यात, शिसं चेपण्यात, आवाजात आणि मुख्यतः उष्णतेत गेले. हाताला मात्र फारसं काही जाणवणार नाही, कारण तेवढी उष्णता अख्ख्या ठोकळ्यात पसरली तर त्याचं तापमान एका अंशानेही वाढत नाही.

इथेच विद्यार्थ्यांचा पाय घसरतो. ऊर्जा अक्षय असते हे डोक्यात पक्कं असतं, म्हणून ते गोळीची गतिज ऊर्जा थेट ठोकळ्याच्या चढलेल्या उंचीशी जुळवतात. तसं केलं तर गोळीचा वेग सेकंदाला 28 मीटर येतो, म्हणजे तासाला जेमतेम शंभर किलोमीटर. द्रुतगती मार्गावरच्या मोटारीच्या वेगाने जाणारी बंदुकीची गोळी! असं उत्तर आलं की समजावं, धडकेच्या क्षणाला ऊर्जेचं सूत्र लावलं गेलं आहे. धडकेपुरता संवेग धरायचा आणि त्यानंतरच्या झोक्याला ऊर्जा. ही दोन पावलं एकत्र करता येत नाहीत.

गंमत अशी की 200 पैकी 199 भाग गेले, यात गोळीच्या वेगाचा काही हात नाही. वजन दोनशे पट झालं आणि वेग दोनशेव्या भागावर आला. गतिज ऊर्जेत वस्तुमान एकदा येतं, पण वेग दोनदा, कारण त्याचा वर्ग असतो. त्यामुळे ऊर्जा एकदा दोनशेने गुणली जाते आणि दोनदा दोनशेने भागली जाते, म्हणजे शेवटी दोनशेवा भाग उरतो. गोळी अर्ध्या वेगाने आली असती तरी हाच वाटा उरला असता. थांबलेल्या वस्तूवर दुसरी येऊन चिकटली, तर हरवणारा वाटा म्हणजे थांबलेल्या वस्तूचं वस्तुमान भागिले दोघांचं एकूण वस्तुमान. येणारी वस्तू m आणि थांबलेली M असेल तर M/(m+M). वजनं समान असली तर निम्मी ऊर्जा जाते, आणि थांबलेली जितकी जड तितका तोटा मोठा.

मात्र ‘थांबलेली’ ही अट सोडून चालणार नाही. समोरासमोर येणाऱ्या दोन वस्तूंचे संवेग सारखे आणि उलट असतील, तर चिकटल्यावर दोघी जागच्या जागी थांबतात आणि सगळीच ऊर्जा जाते, वजनं काहीही असोत. किती ज्यूल गेले हे दोघींच्या एकमेकींच्या सापेक्ष वेगावर ठरतं. धावत्या गाडीतून पाहणाऱ्यालाही तेवढेच ज्यूल हरवलेले दिसतील, पण त्याच्या लेखी सुरुवातीची एकूण ऊर्जा वेगळी असल्याने वाटा वेगळा येईल.

‘हरवणारी ऊर्जा’ या शब्दांनी तोटा झाल्यासारखं वाटतं, पण लोहाराला तीच ऊर्जा हवी असते. पाच किलोचा घण, खाली शंभर किलोची ऐरण आणि मध्ये तापून लाल झालेलं लोखंड. घण उसळला नाही असं धरलं, तर 105 पैकी 100 भाग, म्हणजे सुमारे 95 टक्के ऊर्जा गती म्हणून संपते आणि त्यातली बहुतेक मऊ लोखंडाचा आकार बदलण्यात खर्च होते. ऐरण घणाएवढीच, पाच किलोची असती, तर निम्मी ऊर्जा घण आणि ऐरण मिळून हलवण्यात वाया गेली असती. फोर्जिंगच्या कारखान्यांत यांत्रिक हातोड्याखालचा ऐरणीचा ठोकळा पडणाऱ्या हातोड्याच्या पंधरा-वीसपट जड ठेवतात, तो याचसाठी.

जमिनीत पाइल ठोकणाऱ्याची गरज नेमकी उलटी. त्याला पाइल खाली जायला हवी, तिचं डोकं फुटायला नको. हजार किलोचं वजन पाचशे किलोच्या पाइलवर सोडलं तर एक तृतीयांश ऊर्जा धडकेतच जाते. वजन पाचशेचं आणि पाइल हजारची केली तर दोन तृतीयांश जाते. म्हणून उंचावरून हलकं वजन टाकण्यापेक्षा कमी उंचीवरून जड वजन टाकणं बरं, पडताना दोघांची ऊर्जा सारखी असली तरी. पाइल ठोकण्याच्या जुन्या सूत्रांत वजनांचं हे प्रमाण दिसतं ते त्यामुळेच.

पण हा हिशेब पाइल एकसंध ठोकळ्यासारखी हलते असं धरून चालतो, आणि लांब काँक्रीट पाइल तशी हलत नाही. वरचा घाव दाबाची लाट होऊन खाली उतरतो. ती टोकाशी पोचते तोवर पाइलचं खालचं टोक जागचं हललेलंही नसतं. टोकाखालची माती मऊ असेल तर लाट ताणाची होऊन परत वर येते, आणि ताणात कच्चं असलेलं काँक्रीट अशा वेळी मध्येच आडवं तडकतं. एकूण वजनाचा भागाकार या तड्यांबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून ई. ए. एल. स्मिथ या अभियंत्याने 1960 साली पाइलचे अनेक छोटे तुकडे कल्पून, ते स्प्रिंगांनी जोडून, लाटेचा हिशेब संगणकावर करण्याची पद्धत मांडली. मोठ्या पुलांच्या पाइलसाठी आज हातोडा आणि त्याखालची लाकडी गादी निवडताना याच पद्धतीचा आधार घेतात.