लागोपाठच्या सात दिवसांची सर्वांत मोठी विक्री

दुकानाच्या रोजमेळात वर्षभराची रोजची विक्री लिहिलेली असते. त्यातले कोणते सात सलग दिवस मिळून सर्वाधिक विक्री झाली, हे शोधायचे असेल तर सोमवार ते रविवार अशा ठरावीक आठवड्यांच्या बेरजा पुरत नाहीत. तेजीचे सात दिवस बुधवारी सुरू होऊन पुढच्या मंगळवारी संपू शकतात. म्हणून पहिला ते सातवा दिवस, दुसरा ते आठवा, तिसरा ते नववा असे एकेक दिवस पुढे सरकत सगळे गट तपासावे लागतात. हे काम कमी श्रमात करणाऱ्या रीतीला संगणकशास्त्रात ‘स्लायडिंग विंडो’, म्हणजे सरकती खिडकी, म्हणतात.

उदाहरणादाखल मिठाईच्या एका दुकानाची चौदा दिवसांची विक्री हजार रुपयांत अशी धरू: 12, 9, 14, 11, 8, 16, 20, 10, 7, 15, 18, 22, 25, 13. पहिल्या सात दिवसांची बेरीज 90 येते. आता दुसऱ्या ते आठव्या दिवसाची बेरीज हवी. त्यासाठी सातही आकडे पुन्हा मांडायचे कारण नाही, कारण दुसरा ते सातवा हे सहा दिवस दोन्ही गटांत आहेत. फरक एवढाच की पहिल्या दिवसाचे 12 बाहेर गेले आणि आठव्या दिवसाचे 10 आत आले. म्हणजे 90 मध्ये 10 मिळवायचे, 12 वजा करायचे, उत्तर 88.

पुढे हेच करत राहायचे. नवव्या दिवशी 7 आत आणि 9 बाहेर, बेरीज 86. दहाव्या दिवशी 87, अकराव्या दिवशी 94. बाराव्या दिवशी 22 येतात आणि 8 जातात, बेरीज एकदम 108 होते. तेराव्या दिवशी 25 येतात, 16 जातात, आणि बेरीज 117 वर पोचते. चौदाव्या दिवशी मात्र 13 येतात आणि 20 जातात, त्यामुळे ती 110 वर उतरते. आतापर्यंतची सर्वांत मोठी बेरीज आणि तिचा शेवटचा दिवस एवढे बाजूला टिपून ठेवले की शेवटी उत्तर हातात असते: सातवा ते तेरावा दिवस, 1 लाख 17 हजार रुपये. हेच चौदा दिवस दोन ठरावीक आठवड्यांत विभागले असते तर 90 आणि 110 एवढेच दिसले असते.

पायथॉन भाषेत ही रीत थोडक्यात लिहिता येते. तिथे मोजणी शून्यापासून सुरू होते, त्यामुळे सातव्या दिवसाचा क्रमांक 6 असतो.

```python
def best_week(sales):
    if len(sales) < 7:
        return None
    total = sum(sales[:7])
    best, end = total, 6
    for i in range(7, len(sales)):
        total += sales[i] - sales[i - 7]
        if total > best:
            best, end = total, i
    return best, end - 6, end
```

यातली `best` ची सुरुवात पहिल्या सात दिवसांच्या बेरजेने केली आहे, शून्याने नव्हे. विक्रीतून परत आलेला माल वजा करून निव्वळ आकडे घेतले, तर एखाद्या वाईट काळात सगळ्याच बेरजा ऋण निघू शकतात. अशा वेळी शून्यापासून सुरुवात केलेला प्रोग्राम कधीच न घडलेली शून्य विक्री ‘सर्वोत्तम’ म्हणून सांगेल. तुलनेत `>` वापरल्याने दोन गटांची बेरीज सारखी आली तर आधीचा गट कायम राहतो. नंतरचा हवा असेल तर `>=` लिहावे.

श्रम किती वाचतात? 365 दिवसांत सात-सात दिवसांचे 359 गट पडतात. प्रत्येक गट नव्याने मोजला तर 2,154 बेरजा होतात. सरकत्या खिडकीने बेरजा-वजाबाक्या मिळून 722. संगणकाला हा फरक जाणवतही नाही, हे मान्य करायला हवे. स्प्रेडशीटमध्ये `=SUM(B2:B8)` हे सूत्र खाली ओढून त्या स्तंभाचा `MAX` काढला तरी एका वर्षाचे उत्तर तेच आणि तितक्याच लवकर मिळते. पण खिडकी 90 दिवसांची केली की नव्याने मोजण्याच्या बेरजा 24,564 होतात आणि सरकत्या खिडकीचे काम 639 वर राहते. खिडकी कितीही रुंद असली तरी पुढे सरकताना एक बेरीज आणि एक वजाबाकीच लागते, आणि खरा लाभ तिथे आहे.

चुका गणितापेक्षा नोंदींत जास्त होतात. समजा, वरच्या उदाहरणात नवव्या दिवशी दुकान बंद होते आणि त्या तारखेची ओळच रोजमेळात नाही. प्रोग्रामला तेरा आकडे मिळतात. तो निमूटपणे सात ओळी मोजतो आणि 16, 20, 10, 15, 18, 22, 25 यांची बेरीज 126 सांगतो. प्रत्यक्षात हे आकडे सहाव्या ते तेराव्या दिवसापर्यंतचे, म्हणजे आठ दिवसांत पसरलेले आहेत. बंद दिवसाला शून्य मांडून पुन्हा मोजले तर खरे उत्तर सातवा ते तेरावा दिवस, 110 हजार असे येते. उत्तर वाढून आल्यामुळे या चुकीचा संशय कोणाला येत नाही. ती पकडायची असेल तर विजेत्या गटाच्या पहिल्या आणि शेवटच्या तारखेतला फरक पाहावा. तो बरोबर सहा असायला हवा. इथे तो सात निघतो. एकाच तारखेच्या दोन ओळी असतील तर हाच फरक सहापेक्षा कमी दिसतो, म्हणून मोजणीआधी त्या एकत्र कराव्या लागतात.

एसक्यूएलमध्ये हीच गफलत `ROWS BETWEEN 6 PRECEDING AND CURRENT ROW` या शब्दांत लपलेली असते. `ROWS` ओळी मोजते, तारखा नव्हे. शिवाय पहिल्या सहा ओळींसाठी ते अपुऱ्या खिडकीचीही बेरीज देते.

वजाबाकी करताना एक दिवस पुढचा किंवा मागचा आकडा काढला गेला, तर पुढच्या सगळ्या बेरजा बिघडतात. त्यावर सोपी तपासणी आहे: शेवटच्या सात दिवसांची बेरीज वेगळी करून ती चालू बेरजेशी ताडून पाहायची. वरच्या मूळ उदाहरणात दोन्ही 110 येतात. रुपये-पैसे दशांशात ठेवले तर लाखो नोंदींवर किंचित तफावत साचू शकते. सगळे आकडे पैशांत, पूर्णांकात ठेवले की तीही राहत नाही.

ही सारी सोय बाहेर जाणारा आकडा वजा करता येतो म्हणून आहे. बेरजेऐवजी सरासरी हवी असली तरी रीत तीच राहते, फक्त सातने भागायचे. पण प्रत्येक सात दिवसांतला सर्वाधिक विक्रीचा एक दिवस हवा असेल तर ती चालत नाही. तो दिवस खिडकीबाहेर गेल्यावर उरलेल्यांत मोठा कोणता, हे वजाबाकीने कळत नाही. त्यासाठी पुढे कामी येऊ शकणाऱ्या आकड्यांचीच उतरत्या क्रमाने रांग ठेवतात: नवा आकडा आला की त्याच्याहून लहान असलेले मागून काढून टाकायचे, आणि मुदत संपलेला पुढून.